एक वीत जाड तार

पहाटे साडेपाचला लालबागच्या आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या सायकलीची घंटी आणि कोपऱ्यावरच्या सबस्टेशनचा हुंकार, एवढे दोनच आवाज असतात. सायकल निघून जाते. हुंकार मात्र दिवसभर असतो, फक्त सात वाजल्यानंतर तो कुणाला ऐकू येत नाही. मी बत्तीस वर्षं विजेच्या केबलींच्या मागे या शहराचे रस्ते खणत हिंडलो, त्यामुळे मला तो ऐकल्याशिवाय चहा लागत नाही, असं घरचे म्हणतात.

परवा मात्र चहाच्या आधीच प्रश्न आला. नात बारावीला आहे. पुस्तक मांडीवर, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर आपल्याला कुणीतरी फसवतंय असा भाव.

"आजोबा, हे चुकीचं छापलंय. पुस्तकात म्हणतात, लांब वीज न्यायची तर व्होल्टेज वाढवायचं, म्हणजे तारेत कमी वाया जाते. पण मागच्याच धड्यात दिलंय, वाया जाणारी पॉवर म्हणजे व्ही स्क्वेअर बाय आर. व्होल्टेज वाढलं तर लॉस वाढायला पाहिजे ना? तुम्हीच सांगा."

प्रश्न शंभर नंबरी होता. मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही हा प्रश्न पडला होता, पण तो विचारायची हिंमत झाली नव्हती. साहेबांनी सांगितलं, करंट कमी म्हणून लॉस कमी, आणि मी मान डोलावली. पुढे कितीतरी इंजिनिअर भेटले, तेही मान डोलावलेलेच होते.

मी तिला म्हटलं, पुस्तक बाजूला ठेव. गणपतीतली ती वायर आठवते का?

आठवत होती. गेल्या वर्षी चाळीतल्या मंडपाच्या मागच्या टोकाला, प्रसादाचं सामान ठेवतात तिथे, दिवे आणि पंखे हवे होते. कुणीतरी जिन्याखालच्या बोर्डापासून साठ मीटर वायर ओढली, तीही दीड एमएमची, कारण तीच घरात पडलेली होती. संध्याकाळी तिथले पंखे रेंगाळत फिरायला लागले. उरलेल्या वायरीचं वेटोळं बोर्डाखाली तसंच पडलं होतं. मी सहज हात लावला तर ते तापलेल्या वाटीसारखं गरम लागलं. ते वेटोळं मी आधी उलगडायला लावलं, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतल्या आत कोंडते आणि प्लॅस्टिक वितळून दोन तारा एकमेकींना भेटतात. मग अर्धी उपकरणं दुसऱ्या बोर्डावर घेतली. नात तेव्हा शेजारीच उभी होती, मोदकाचं ताट हातात धरून.

आता हिशेब कर, म्हटलं. तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार, जाताना साठ मीटर आणि येताना साठ. तिचा रेझिस्टन्स येतो साधारण १.४ ओहम. मंडपात दहा अँपिअर लागत होते असं धर. दहा गुणिले १.४ म्हणजे १४ व्होल्ट तारेतच खर्च झाले. बोर्डावर २३० होते, पंख्याला २१६ मिळाले. तारेत वाया गेली ती पॉवर म्हणजे दहाचा वर्ग गुणिले १.४, म्हणजे १४० वॅट. दोन पंखे जेवढी वीज खातात तेवढी नुसती वायर तापवण्यात गेली.

"आणि व्ही स्क्वेअर बाय आर?"

तेही कर. पण व्ही म्हणून काय घेशील? तिने २३० घेतले. २३० चा वर्ग भागिले १.४. उत्तर आलं जवळजवळ ३८ हजार वॅट. ती माझ्याकडे बघत राहिली. मंडपाला एवढी वीज मिळतच नव्हती, तर वाया कुठून जाणार?

मी म्हटलं, हे उत्तर खोटं नाही, ते फक्त वेगळ्या प्रसंगाचं आहे. वायरीच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं, तर अख्खे २३० व्होल्ट त्या वायरीच्या अंगावर येतील आणि फ्यूज उडेपर्यंत तारेत खरंच एवढी पॉवर जळेल. शॉर्ट नसताना तारेच्या अंगावर २३० नसतात. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं व्होल्टेज गळतं, तेवढंच तारेचं. ते आहे १४. आता १४ चा वर्ग भागिले १.४ कर.

तिने केलं. १४०. दोन्ही सूत्रांनी एकच उत्तर आलं.

घोळ सगळा इथे असतो. दोन तारांमधलं व्होल्टेज आणि एका तारेच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दोन्हींना पुस्तकात एकच व्ही. वायरीला आपल्या पोटातून किती करंट चाललाय एवढंच जाणवतं. शेजारच्या तारेशी आपलं २३० व्होल्टचं अंतर आहे की लाख व्होल्टचं, हे तिच्या गरम होण्यात कुठेच येत नाही. ते अंतर सांभाळायचं काम वरच्या प्लॅस्टिकचं, किंवा उघडी तार असेल तर मधल्या हवेचं.

म्हणून युक्ती अशी करायची. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. गुणाकार तेवढाच ठेवून आपण एक आकडा वाढवला तर दुसरा कमी होतो. त्याच मंडपाला २३० ऐवजी ४६० व्होल्टने तेवढीच पॉवर पाठवली असती तर करंट पाच अँपिअर लागला असता, गळती सात व्होल्ट, आणि लॉस ३५ वॅट. व्होल्टेज दुप्पट केलं, लॉस चौथा हिस्सा झाला. साठ मीटरांसाठी हे कुणी करत नाही, जाड वायर आणतात. पण सत्तर किलोमीटरसाठी?

सत्तर किलोमीटर म्हटल्यावर परळच्या माणसाला खोपोली आठवायला हवी. हल्ली आठवत नाही, ते सोडा. आमच्या वडिलांच्या पिढीत गिरणीतला वायरमनसुद्धा वर करंट कुठून येतो विचारलं तर बोट पूर्वेला करून "घाटातनं" म्हणायचा. गिरण्या इथे, गिरणगावात, कारण बंदर इथे आणि माणसं इथे. त्यांची इंजिनं वाफेवर, आणि कोळसा लांबून आणायचा. पाऊस पडायचा लोणावळ्याला. तो अडवून घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून सोडला तर केवढी ताकद मिळेल हे जमशेटजी टाटांच्या मनात होतं, पण ते १९०४ मध्ये गेले. कंपनी निघाली १९१० मध्ये. पुढच्या वर्षी लोणावळ्याला पायाचा दगड बसला आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातली वीज परळच्या स्टेशनात उतरली. ती आली एक लाख व्होल्टने. त्या काळात जगात एवढ्या व्होल्टेजच्या लाइनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी फार नव्हत्या. मुंबईत तेव्हा चाळीचाळींत रॉकेलचे दिवे होते.

लाख व्होल्टची हौस कशासाठी? जनित्रातून वीज निघते ती काही हजार व्होल्टने. जनित्राच्या खाचांत कोंबलेल्या वेटोळ्यांना त्याहून फार जास्त सोसत नाही. हिशेबासाठी पाच हजार धरू. तशीच सरळ परळला पाठवली असती तर काय झालं असतं, हे मी नातीला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. आकडे माझ्या सोयीचे आहेत, पण लाइनीच्या मापाला धरून आहेत.

तीन तारा, प्रत्येकी सत्तर किलोमीटर, तांब्याच्या, जाडी शंभर चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या निम्म्या जाडीच्या. एका तारेचा रेझिस्टन्स सव्वाबारा ओहम. पाठवायचे आहेत ३० हजार किलोवॅट. लाख व्होल्टने पाठवले तर प्रत्येक तारेत १७३ अँपिअर लागतात. (तीन फेजचा हिशेब असल्यामुळे मध्ये १.७३ ने भागावं लागतं, आणि पॉवर फॅक्टर मी बाजूला ठेवलाय.) १७३ चा वर्ग जवळजवळ बरोबर ३० हजार. गुणिले सव्वाबारा, गुणिले तीन तारा. लॉस आला सुमारे ११०० किलोवॅट, म्हणजे शंभरातले पावणेचार. दोनशे दहा किलोमीटर तारेवर पसरला तर मीटरमागे सव्वापाच वॅट. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त खातो. वारा तेवढी ऊब सहज घेऊन जातो.

आता पाच हजार व्होल्ट. व्होल्टेज वीस पटींनी कमी, म्हणून करंट वीसपट जास्त, जवळजवळ साडेतीन हजार अँपिअर. लॉस वीसचा वर्ग म्हणजे चारशेपट. ११०० गुणिले ४००. चार लाख चाळीस हजार किलोवॅट.

"म्हणजे ३० हजार पाठवायचे आणि ४ लाख ४० हजार वाया?" ती हसली. "हे कसं शक्य आहे?"

शक्य नाहीच. उत्तर मूर्खासारखं आलं म्हणजे गृहीत धरलेलं काहीतरी मूर्खासारखं होतं. गृहीत हे होतं, की त्या तारेतून ३० हजार किलोवॅट जाऊ शकतात. मग जास्तीत जास्त किती जाऊ शकतात? हा प्रश्न शाळेत विचारत नाहीत, पण मजा इथेच आहे. परळच्या टोकाला तुम्ही जसजसा जास्त करंट ओढाल तसतसं तारेत जास्त व्होल्टेज गळेल, आणि परळला उरेल ते कमी होत जाईल. करंट वाढतोय, व्होल्टेज घटतंय. दोघांचा गुणाकार आधी चढतो, एका जागी माथ्यावर जातो आणि मग उतरायला लागतो. माथा येतो तो व्होल्टेज नेमकं अर्धं उरलेलं असताना. आमच्या तारांसाठी हिशेब केला तर तो माथा ५१० किलोवॅटचा निघतो. त्या वेळी खोपोली पाठवत असते १०२० आणि निम्मी वीज घाटाखालच्या रानाला ऊब देत असते. त्याहून पुढे कितीही टर्बाइनं लावा, कितीही तलाव बांधा, परळला एक किलोवॅट जास्त पोचणार नाही. ५१० किलोवॅट म्हणजे ६८० अश्वशक्ती. लालबाग-परळच्या एखाद्या मोठ्या गिरणीचं वाफेचं इंजिन याहून दांडगं असे.

थोडक्यात, पाच हजार व्होल्टने वीज महाग पडली असती असं नव्हे, ती आलीच नसती. "हाय व्होल्टेजने बचत होते" असं आपण म्हणतो तेव्हा मला ते फार मिळमिळीत वाटतं.

तिने लगेच पळवाट काढली. "तार जाड करायची."

करू की. लॉस तेवढाच ठेवायचा तर तार चारशेपट जाड हवी. शंभर गुणिले चारशे, चाळीस हजार चौरस मिलिमीटर. गोल सळई केली तर तिचा व्यास साडेबावीस सेंटिमीटर. मी तिला वीत पसरायला सांगितली. तिची वीत लहान आहे, माझी बरोबर बसते. एक वीत जाड तांब्याची सळई, खोपोलीहून परळपर्यंत, आणि अशा तीन. वजन पंचाहत्तर हजार टन. लाख व्होल्टच्या तिन्ही तारांचं मिळून येतं १८७ टन. पंचाहत्तर हजार टनांसाठी खांब कसले उभे करणार, ती जमिनीवरच ठेवावी लागली असती, आणि मग पनवेलच्या पुढे ती एका रात्रीत चोरीला गेली असती. हे मी तिला सांगितलं नाही, पण मनात आलं.

आता व्होल्टेज वाढवायचं कसं, आणि परळला उतरवायचं कसं. इथे गल्लीतला तो हुंकार कामाला येतो. मी तिला खिडकीशी नेलं. सबस्टेशनच्या जाळीच्या आत ट्रान्सफॉर्मर उभा असतो. अशा ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर 11000/433 V असं लिहिलेलं असतं. वरच्या बाजूला अकरा हजार व्होल्ट येतात, खालच्या बाजूने आपल्या घरची वीज निघते. ४३३ हा दोन फेजमधला आकडा. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत ते होतात २५०. घरी २३० हवे आणि पाटीवर २५०, कारण भर लोडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पोटात आणि केबलीत मिळून थोडे व्होल्ट गळणार, हे आधीच धरून ठेवलंय. मंडपातल्या १४ व्होल्टांचेच हे भाऊबंद.

अकरा हजार भागिले २५०, म्हणजे ४४. आत एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात, आणि एकीचे वेढे दुसरीच्या ४४ पट. त्यांचा तारेने एकमेकींशी काही संबंध नाही. गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं आणि गाभ्याला वेढा घालणाऱ्या प्रत्येक फेऱ्याला ते सारखंच व्होल्टेज देतं. मग तो फेरा वरच्या वेटोळ्यातला असो की खालच्या. समजा एका फेऱ्याला साडेबारा व्होल्ट मिळतात. खाली वीस फेरे, झाले २५०. वर ८८० फेरे, झाले अकरा हजार. ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज कळत नाही, त्याला फेरे मोजता येतात.

आणि फुकट काही मिळत नाही. व्होल्टेज ४४ पट कमी झालं तर करंट ४४ पट जास्त मिळतो. म्हणून जळालेला ट्रान्सफॉर्मर उघडला की आत वरच्या बाजूची तार बारीक, शेकडो वेढ्यांची दिसते आणि खालच्या बाजूला जाडजूड तांब्याची पट्टी, मोजून थोडे फेरे. ते बघितलं की गुणोत्तर पाठ करावं लागत नाही. व्होल्टेज थोडं खालीवर करायची टॅप असते तीही वरच्या, बारीक तारेच्या बाजूला, कारण तिथे करंट कमी, सांधा सांभाळायला सोपा. घरांना व्होल्टेज कमी पडत असेल तर त्या टॅपवर वरचे फेरे *कमी* करतात. नवीन पोरं हमखास उलटं करतात. मीही एकदा केलं होतं, बंद ट्रान्सफॉर्मरवर, म्हणून निभावलं.

"मग हा गुणगुणतो का?"

गाभा पातळ पत्र्यांचा असतो, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जाडीच्या शेकडो पत्र्यांची चवड. अख्खं लोखंड ठेवलं तर त्याच्या पोटातच करंट भोवऱ्यासारखे फिरतील आणि गाभा तापेल. म्हणून त्याचे काप करून प्रत्येकाला पातळ लेप देतात. चुंबकत्व चढलं की पत्रा लांबीत केसाहूनही फार कमी ताणतो, उतरलं की परत येतो. चुंबकत्व उत्तर असो की दक्षिण, ताणणं तेच, म्हणून सेकंदाला पन्नास नाही तर शंभर वेळा. तो शंभरचा स्वर म्हणजे आपला हुंकार.

हा स्वर व्होल्टेजमुळे आहे, करंटमुळे नाही. म्हणून पहाटे सगळी गल्ली झोपलेली असताना आणि संध्याकाळी एसी धो-धो चालू असताना तो जवळजवळ सारखाच असतो. या गाभ्याच्या तापण्याला लोखंडाचा लॉस म्हणतात, आणि तो रात्रंदिवस, कुणी वीज वापरो न वापरो, चालू. दारावरच्या घंटीचा जुना ट्रान्सफॉर्मर असतो ना, आमच्या दारावर अजून आहे, त्याला हात लावून बघा. आठवडाभर कुणी घंटी वाजवली नसली तरी तो कोमट असतो. तांब्याचा लॉस वेगळा. तो लोडच्या वर्गाने चालतो. समजा एका ट्रान्सफॉर्मरचा लोखंडाचा लॉस एक किलोवॅट आणि पूर्ण लोडला तांब्याचा दहा. अर्ध्या लोडला तांब्याचा उरतो अडीच, आणि पहाटे एक पंचमांश लोडला ०.४. म्हणजे पहाटे साडेपाचला ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या गाभ्यावर जास्त वीज खर्च करत असतो, गल्लीच्या करंटपायी कमी. वर्षाच्या शेवटी त्या एका किलोवॅटचे ८,७६० युनिट होतात. ट्रान्सफॉर्मर विकत घेताना किंमत बघणारे बरेच, हा आकडा बघणारे थोडे.

खोपोलीच्या लाइनीला दोन्ही टोकांना असे ट्रान्सफॉर्मर लागले, एक चढवायला, एक उतरवायला. दोघांचा मिळून लॉस शंभरात दोनेक धरा. वीतभर जाड सळईच्या बदल्यात हा भाव कुणीही देईल.

पण फेऱ्यांची ही जादू चुंबकत्व हलतं असेल तरच चालते. डीसी सोडली तर गाभ्यात चुंबकत्व एकदा चढून बसतं, दुसऱ्या वेटोळ्याला काहीच मिळत नाही, आणि पहिलं जळून जातं. याचा पुरावा नातीला रोज दादरला दिसतो, फक्त तिला माहीत नव्हतं. मुंबईच्या लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावल्या. मोटरींना सोसेल तेवढंच व्होल्टेज वरच्या तारेत, कारण गाडीत ते उतरवायची सोय नाही. बारा डब्यांची गाडी सुटताना ३ हजार किलोवॅट घेते असं धरलं तर तारेतून दोन हजार अँपिअर ओढावे लागायचे. म्हणून दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन, म्हणून त्या जाड दुहेरी तारा. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत सगळं २५ हजार व्होल्ट एसीवर नेलं. आता ट्रान्सफॉर्मर गाडीच्याच पोटाखाली असतो, आणि त्याच गाडीला १२० अँपिअर पुरतात. तेवढ्याच रेझिस्टन्सच्या तारेत लॉस पावणेतीनशे पटींनी कमी. तारा पूर्वीपेक्षा बारीक का दिसतात याचं उत्तर हे. (डीसी संपली असंही नाही. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर वीज येते ती पाचशे हजार व्होल्ट डीसीने. पण तिथे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच चढवतो, मग इलेक्ट्रॉनिक झडपा ती एसीची डीसी करतात. पोरीला उशीर होत होता, म्हणून मी तिकडे वळलो नाही.)

बॅग भरता भरता तिने शेवटचा टाकला. "मग लाखच का? कोटी का नाही?"

कारण तारेला व्होल्टेज कळत नसलं तरी हवेला कळतं. व्होल्टेज वाढलं की तारेलगतची हवा फुटायला लागते, किर्रर्र आवाज येतो, पावसात जास्त, अंधारात निळसर झाक दिसते. तिथे नवीनच लॉस सुरू होतो, आणि तो तार जाड करून किंवा दोन-चार तारांचा जुडगा करून टाळावा लागतो. शिवाय तारेला खांबापासून लांब धरायला चिनी मातीच्या बशांची माळ लागते. कर्जतच्या गाडीने जाताना खिडकीतून बशा मोज, म्हटलं. सात-आठ दिसल्या तर ती शंभर-एकशेदहा हजाराची लाइन. तेरा-चौदा असतील तर दोनशेवीस. तेवीसच्या आसपास असतील तर चारशे. प्रत्येक पायरीला खांब उंच, जागा रुंद, ट्रान्सफॉर्मर महाग. सत्तर किलोमीटरवर, थोड्या विजेसाठी चारशे हजार व्होल्ट म्हणजे दूध आणायला ट्रक काढण्यासारखं. साडेसातशे किलोमीटरवर तोच ट्रक लागतो.

आणि मुंबईला समुद्र आहे. उन्हाळ्यात पाऊस नसतो तेव्हा खाडीवरून येणारं मीठ आणि रस्त्याची धूळ बशांवर बसते. कोरडं मीठ काही करत नाही. पहाटे दव पडलं की तेच मीठ ओलं होतं, बशीवरून बशीवर करंटला वाट मिळते, आधी ठिणग्या नाचतात आणि मग अख्ख्या माळेवरून जाळ धावतो. लाइन ट्रिप. भर दुपारी, लोड शिगेला असताना जी माळ गप्प बसते ती लोड सगळ्यात कमी असताना, पहाटे चार ते सहाच्या दरम्यान दगा देते. म्हणून त्या महिन्यांत पाण्याचा फवारा मारून बशा धुतात. आमच्या वेळी पहाटेची पाळी असलेला माणूस आधी आकाशाकडे नाही, मोटारीच्या टपाकडे बघायचा. टप ओला असला की खुर्ची फोनजवळ ओढायचा.

नात निघाली. जिन्यात थांबून तिने घंटीच्या ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळाली. खाली सबस्टेशनसमोर कुणाची तरी टॅक्सी उभी होती. टप कोरडा होता.